गुरुवारच्या रजेचा अर्ज

मी लिहावं की नाही, याची अजूनही खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटल्या तरी मला कोणाची तरी परवानगी काढावीशी वाटते. शिवाय सांगायचं आहे ते एका दिवसाच्या रजेबद्दल. एवढ्याशा गोष्टीसाठी वाचणाऱ्याचा वेळ घेतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

मी हडपसरच्या एका खासगी शाळेत नववीला इतिहास शिकवतो आणि बाहेरून एम.ए. करतो. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली. नववीच्या तिन्ही तुकड्यांचे पेपर माझ्याकडे आले. त्यातली एक तुकडी तपासून झाली होती, तेव्हा शुक्रवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मोबाइलवर निरोप आला : एम.ए.च्या प्रकल्पावरची तोंडी परीक्षा पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. हजर न राहिल्यास पुढच्या वर्षी.

हडपसरच्या मळ्यांच्या जागी वसाहती कशा उभ्या राहिल्या, यावर मी दीड वर्ष माणसांना भेटत होतो. आता ते कोणीतरी समोर बसून विचारणार होतं! मी उठून उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरच्या बाई, त्या पाचवी-सहावीला इतिहास शिकवतात, म्हणाल्या, "काय हो, पगारवाढ झाली का?"

"नाही, तोंडी परीक्षा आहे."

"मग एवढं हसताय कशाला?"

हसू मात्र तिथंच थांबलं, कारण समोरच्या फलकावर सूचना लावलेली होती. पेपर तपासणीच्या काळात किरकोळ रजाही मुख्याध्यापक परस्पर देणार नाहीत. अर्ज त्यांच्यामार्फत संस्थेच्या सचिवांकडे जाईल. तरीही मी लगेच अर्ज लिहिला. 'माननीय मुख्याध्यापिका व माननीय व्यवस्थापन' असं वर घातलं आणि खाली, सगळे लिहितात तसं, 'घरगुती कारणास्तव'.

मुख्याध्यापिका बाईंनी तो चष्म्यावरून वाचला.

"घरात काय आहे?"

"म्हणजे... घरचे सगळे ठीक आहेत, बाई."

"ठीक असतील तर रजा कशाला? एप्रिल आला की आपल्याकडे घरगुती कारणांना फार बहर येतो."

मग मी खरं सांगितलं. हेही सांगितलं की मला भीती वाटली, संस्था म्हणेल हे इथे शिकवायला आलेत की शिकायला.

"पुढे शिकायची परवानगी काढली होती ना तुम्ही, रुजू होताना?"

"हो. पत्र आहे."

"मग ते जोडा की! आणि किती पेपर झाले, किती राहिले, राहिलेल्यांचं काय करणार, तेही लिहा. सचिव कारण नंतर वाचतात, गठ्ठे आधी मोजतात."

मी अर्ज पुन्हा लिहिला. राहिलेल्या दोन तुकड्यांपैकी एक मी तपासेन आणि दुसरी शेजारच्या बाई तपासतील, असं मांडलं. त्यांनी त्याला आनंदाने होकार दिला होता. मुख्याध्यापिकांनी कोपऱ्यात 'शिफारस' असा शेरा मारून सही केली. "शाळेचं टपाल सोमवारी जातं. तुम्ही उद्या स्वतःच घेऊन जा."

शनिवारी बसने नारायण पेठेतल्या संस्थेच्या कार्यालयात गेलो. सचिव वयस्कर, पांढराशुभ्र शर्ट, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. मी उभाच होतो.

"बसा. उभं राहिल्याने रजा लवकर मिळते असा नियम नाही."

त्यांनी अर्ज वाचला, परवानगीचं पत्र वाचलं, आणि बोट नेमकं एका ओळीवर ठेवलं. "हे जमणार नाही. ज्यानं वर्गाला शिकवलं, त्यानंच पेपर तपासायचे. गेल्या वर्षी अदलाबदल झाली आणि पालक इथं येऊन बसले, तुम्ही आत्ता बसला आहात त्याच खुर्चीवर."

"मग मी तिन्ही तपासतो, साहेब. बुधवारपर्यंत."

"आपण नक्की तपासाल?"

"हो."

"बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत तिन्ही गठ्ठे पर्यवेक्षकांनी बघून कपाटात ठेवले, असं मला कळलं पाहिजे. मग सही करीन. आज करणार नाही."

खरं तर मी हिरमुसायला हवं होतं. पण परतीच्या बसमध्ये मला तर पंख फुटल्यासारखं झालं होतं. नाही म्हणाले नव्हते! घरी वडिलांनी विचारलं, "देली का सुट्टी?" ते विदर्भातून इथल्या कारखान्यात आले, बोली मात्र तिकडचीच राहिली. म्हटलं, अर्धी दिली. ते म्हणाले, "अर्ध्या दिवसात होते का परीक्षा?" त्यांना समजावता समजावता मीच हसत सुटलो.

रविवार, सोमवार, मंगळवार मी लाल पेन खाली ठेवलं नाही. बुधवारी दुपारी तीन वाजताच तिन्ही गठ्ठे पर्यवेक्षक सरांसमोर ठेवले. ते प्रत्येक गठ्ठ्यातले दहा पेपर काढून पाहतात. तिसऱ्या गठ्ठ्यातला चौथा पेपर त्यांनी उलटला, मागे बांधलेली पुरवणी उघडली आणि माझ्याकडे फिरवली. पुरवणीवर एक पूर्ण उत्तर होतं. त्यावर माझ्या लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

"सर, एवढी एकच राहिली असेल."

"एक सापडली म्हणून कळली. बाकीच्या काय मी झोपेत शोधू?" त्यांनी तिन्ही गठ्ठे माझ्याकडे सरकवले. "जिथे जिथे पुरवणी आहे, तो प्रत्येक पेपर पुन्हा."

घड्याळात तीन वीस झाले होते. शेजारच्या बाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या. "तपासायचे नाहीत मला, कळलंय. पण बेरीज तर बघू शकते ना? की तिलाही सचिवांची सही लागते?"

आम्ही एकेक पेपर घेत गेलो. मी पुरवणी वाचायची, गुण द्यायचे. त्यांनी बेरीज पुन्हा करून पहिल्या पानाशी जुळवायची. आणखी दोन पुरवण्या निघाल्या. त्यातली एक मागच्या बाकावर बसणाऱ्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीची. तिला मी नापास केलं होतं. पुरवणीत तिने दोन प्रश्न सोडवले होते, साधे पण बरोबर. बेरीज करून बाई म्हणाल्या, "पास आहे हो ही. चांगली पास." मला त्या क्षणी इतका आनंद झाला आणि इतकी लाज वाटली, की दोन्हींतलं कुठलं जास्त ते अजून सांगता येत नाही. माझ्या गुरुवारच्या घाईत तिचं काय होणार होतं!

पाचला दहा मिनिटं असताना गठ्ठे पुन्हा सरांपुढे गेले. त्यांनी नवे पेपर काढून पाहिले, वहीत तीन दुरुस्त्या झाल्याचं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. कपाट बंद झालं.

"तीन चुका झाल्याचं सचिवांना कळवणार?" मी विचारलं.

"कळवणारच. त्यातल्या दोन तुम्हीच शोधून दुरुस्त केल्या, तेही कळवीन."

मी घरी न जाता शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. समोरून कंपन्यांच्या बस सुटत होत्या, रिक्षावाले "गाडीतळ, गाडीतळ" ओरडत होते. प्रकल्पातल्या नावांची मनात उजळणी करत होतो आणि दर मिनिटाला मोबाइल बघत होतो. सहा वाजून गेले तेव्हा मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला.

"सर, आत्ताच सचिवांशी बोलले. त्यांनी सही केली. उद्याची रजा मंजूर आहे."