काचेच्या तारेला जाळ्याची गाठ

आमच्या गावात माझं नाव फक्त रेशनकार्डावर आहे. बाकी सगळीकडे मी 'केबल'. "केबल, आमच्या टीव्हीवर मुंग्या येतायत." "केबल, ऐन सिरियलच्या वेळी मेलास कुठं?" एकदा जत्रेत लाउडस्पीकरवरून मला बोलावलं तेही "केबल असतील तिथून देवळापाशी यावं" असंच. बायको मला चारचौघांत 'अहो' म्हणते, पण माझी तक्रार करायची असली की तीही "आमचा केबल" म्हणते.

मी हा धंदा काढला तेव्हा गावात एक व्हिडिओ होता. होता म्हणजे सुकट ठेवायच्या शेडमध्ये गोणपाटं लावून एक काका टीव्हीवर सिनेमे दाखवायचे. कॅसेट मुंबईहून एसटीने यायची, ड्रायव्हरच्या सीटमागून. अख्खं गाव सुकटीच्या वासात बसून प्रेमकथा बघायचं. मग मी कर्ज काढून घराच्या छपरावर मोठी डिश बसवली आणि घरोघर तार नेली. तीन महिन्यांत काकांचा व्हिडिओ बंद पडला. मला वाईट वाटलं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं तर मी त्यांची गोणपाटंही डिशखाली घालायला विकत घेतली.

खांब रोवायचे तर परवानग्या, खड्डे, भांडणं. त्यापेक्षा पोफळी बऱ्या. इथल्या वाड्यांत सुपारीची झाडं शिस्तीत उभी असतात, एकीवरून दुसरीवर तार नेली की झालं. दर थोड्या अंतरावर सिग्नल थकतो, त्याला जोर द्यायला अँप्लिफायर लागतो. तो मी झाडाला टांगायचो आणि पावसासाठी वर प्लॅस्टिकची बादली उपडी घालायचो. पाहुणे विचारायचे, "ह्या झाडांवर बादल्या कशाला?" गावातली माणसं सांगायची, "तो आमचा केबल हाय."

माकडं तारेला लोंबकळायची, म्हणून तार घट्ट बांधावी लागे. त्यासाठी मी सासऱ्यांची गाठ वापरायचो. सासरे कोळी, बोटीवरचे. जाळ्याला मारायची ती गाठ अशी की जितकी ओढाल तितकी आवळते. त्यांनी ती मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला शिकवली. जावयाला अंगठी देतात, मला गाठ मिळाली. तांब्याच्या तारेला ती छान मानवली. तार तुटली तरी काळजी नसे. दातांनी साल काढायची, दोन टोकं पिळायची, चिकटपट्टी गुंडाळायची. माझे पुढचे दोन दात ह्याच धंद्यात कामी आले.

मग लोकांनी घराघरावर छोट्या छत्र्या बसवल्या, तेव्हा माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली. मग मोबाइलवर सगळं दिसू लागलं, तेव्हा उरलेल्यांतली निम्मी गेली. आणि मग ते मोठं वादळ आलं. गावातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. लोक आपापल्या वाडीत उभे राहून रडत होते, आणि मीही रडत होतो. शेजारी म्हणाला, "तुझी वाडी कुठाय?" मी म्हटलं, "सगळ्यांचीच माझी होती."

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी एका कंपनीचा इंजिनिअर आला. नव्या मुंबईचा, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. म्हणाला, "फायबर हमारा, एरिया तुमचा. लोक तुम्हाला ओळखतात, बस." अट एकच होती. दोन महिन्यांत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या वीस घरांनी इंटरनेट घेतलं पाहिजे, नाहीतर एरिया घ्यायला म्हसळ्याचा एक जण तयारच होता. मी पन्नाशी ओलांडलेला. झाडाला तार बांधणं सोडून मला काही येत नाही. आणि ते एकच काम कुणी मागत नाही. एरिया गेला की मी गेलो.

मी खोल्यावाल्यांकडे गेलो. सगळ्यांचं उत्तर एकच. "काकांनी घेतलं की आम्ही घेऊ."

काका म्हणजे तेच, व्हिडिओवाले. व्हिडिओ गेल्यावर त्यांनी रिक्षा चालवली, मग हरिहरेश्वरला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. दोनाच्या सहा झाल्या. आता खोल्यावाल्यांचे ते पुढारी. मी गेलो तेव्हा ते झोपाळ्यावर बसून सोलकढी पीत होते.

"ये केबल, ये. लई वर्षांनी आलास."

"काका, नवीन इंटरनेट आणलंय."

"आधी माझा व्हिडिओ घालवलास. आता काय घालवायला आलायस?"

"आता काही नाही घालवत. आता माझंच घालवतोय. तुम्ही हे घेतलंत की माझी केबल कोण बघणार?"

काका इतके हसले की सोलकढी सांडली. मग एकदम व्यवहारावर आले. "हे बघ, शुक्रवारी दुपारी पुण्याची चार पोरं येतायत. कॉम्प्युटर घेऊन धा दिवस राहणार, इथनंच हापिस करणार. शुक्रवारी चाललं, तर बाकीच्या सगळ्यांना मीच सांगतो, घ्या म्हणून. न्हाय चाललं, तर म्हसळेवाल्याला बोलावतो. ते पण मीच सांगतो."

मी बुधवारी तार ओढली. रस्त्यावरच्या कंपनीच्या पेटीपासून काकांच्या खोल्यांपर्यंत वादळातून वाचलेल्या अठरा पोफळी होत्या. अठरा गाठी मारल्या, माकडाने सर्कस केली तरी हलणार नाहीत अशा. आत खोलीत पांढरी बारीक तार खिडकीच्या चौकटीला लावून, कोपऱ्या-कोपऱ्यावर काटकोनात दुमडून, क्लिपा ठोकून अशी सुंदर बसवली की मला माझाच अभिमान वाटला. इंजिनिअरने आधी अर्धा दिवस सगळं समजावलं होतं. फायबर म्हणजे काचेचा केस, त्यातून उजेड जातो, उगाच वाकवायचं नाही, वगैरे. मी कीर्तनात डोलावी तशी मान डोलावली होती.

गुरुवारी सकाळी इंजिनिअर आला. त्याने दोन्ही टोकं जोडली, मोडेम लावला. मोडेमवर लाल दिवा. मीटर लावून बघितलं.

"उणे चौतीस," तो म्हणाला.

"उणे म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे उजेड पोचतच नाही, काका. उणे वीसच्या आसपास पाहिजे."

"म्हणजे ह्याला उणे वीस मार्क मिळाले तर पास?" काका माझ्याकडे बघत म्हणाले. "केबल, तुझ्या हिशेबाला लई सोपी परीक्षा हाय."

इंजिनिअरने टोकं कापून पुन्हा जोडली. पुन्हा चौतीस. बायको माझा डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून बघत होती. इंजिनिअरने खिशातून पेनासारखी एक टॉर्च काढली आणि तारेच्या टोकाला लावली. लाल उजेड काचेतून पुढे जातो, म्हणाला. बायकोने खिडक्या लावून घेतल्या, आणि त्या अंधाऱ्या खोलीत माझी कारागिरी उजळली. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर, जिथे जिथे मी तार काटकोनात दुमडली होती, तिथे तिथे लाल ठिपका.

"काय छान दिसतंय," मी म्हटलं.

"अहो, छान काय? गळतंय ते," बायको म्हणाली. "नळाला भोक पडल्यासारखं. आत चार ठिकाणी हे, मग बाहेर बाबांच्या अठरा गाठींचं काय?"

इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं. "गाठी? कुठल्या गाठी?"

वाडीत जाऊन मी दाखवल्या. तो पोफळीखाली उभा राहून वर बघत राहिला. वाऱ्याने झाड हललं की गाठ आणखी आवळत होती. सासऱ्यांची गाठ चोख काम करत होती. मासा सुटत नाही, उजेड तरी कसा सुटेल?

"काढा सगळ्या," इंजिनिअर म्हणाला. "हुकला लटकवा, सैल. वळण गोल पाहिजे, थाळीएवढं."

शिडी चढून सतरा गाठी सोडल्या. अठरावी सुटेना. दात लावले, पण उरलेल्या दातांचा भरवसा वाटला नाही. मग मी कोयता घेतला. गाठ सुटली, आणि तारही.

खालून काका ओरडले, "काय झालं रं?"

"सुटली!" मी ओरडलो. खोटं नव्हतं.

आता मध्येच जोड द्यायचा. ओटीवर स्टुलावर जोडायचं मशीन ठेवलं. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, आतली काच स्पिरिटने पुसायची, छोट्या कटरने टोक अगदी सरळ कापायचं, मग मशीन दोन्ही टोकं ठिणगीने वितळवून एक करतं. टोक जरा तिरकं असलं की मशीन नाही म्हणतं. ओटीवर वारा, इंजिनिअरच्या बोटांना घाम. दोनदा मशीन नाही म्हणालं. तिसऱ्यांदा काचेचा तुकडा कुठे उडाला तेच दिसेना.

"मी बघू का?" बायको म्हणाली.

इंजिनिअरने माझ्याकडे बघितलं. मी शिडीकडे बघितलं. काका म्हणाले, "दे रं तिच्या हातात. तुम्ही दोघं फक्त घाम गाळताय."

बायकोने हात धुतले, पदर खोचला, पाठ वाऱ्याकडे केली. लहानपणापासून बापाची जाळी दुरुस्त केलेली तिची बोटं. तिने इंजिनिअरचं तीनदा बघून ठेवलं होतं, ते तिने एकदाच केलं. मशीनने एक ठिणगी टाकली आणि पडद्यावर आकडा दाखवला. इंजिनिअर चष्मा पुसून पुन्हा बघत होता.

"मॅडम, पहले किया है क्या?"

"जाळी विणलीत," ती म्हणाली. "ह्याच्यापेक्षा बारीक दोरा, आणि वर बापाच्या शिव्या."

जोडावर नळी चढवून, तापवून, मीटर लावला. उणे एकोणीस. मोडेमचा लाल दिवा विझला, हिरवा लागला. काकांनी टाळी वाजवली. "पास!"

शुक्रवारी पुण्याची पोरं आली. दुपारी चार खोल्यांत चार जण कॉम्प्युटरशी इंग्रजीत भांडत होते. काका प्रत्येक दारात डोकावून, अंगठा वर करून मला दाखवत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा फोन केले. "घ्या रं. चांगलं हाय. केबलची बायको जोडते."

कंपनीच्या फॉर्मवर तंत्रज्ञ म्हणून नाव लिहायची जागा होती. इंजिनिअरने मला न विचारता बायकोचं लिहिलं. मला प्रोप्रायटरच्या रकान्यात सही करायला दिली आणि वर सांगितलं, "सर, तुम्ही मार्केटिंग बघा." आमच्याकडे मार्केटिंग म्हणजे शिडी धरणं.

वीस घरं सव्वा महिन्यात झाली. प्रत्येक घरात मी एक नवी तार आत नेतो आणि माझीच एक जुनी बाहेर काढतो. फोन आला की मी "हॅलो" म्हणतो, आणि पलीकडून आवाज येतो, "वहिनींना द्या."

शेवटी बायकोला घेऊन काकांची जुनी केबल काढायला गेलो. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी ती फक्त काकूंच्या हट्टाने घेतली होती, आणि एकही दिवस तिचं कौतुक केलं नव्हतं. मी तार गुंडाळत होतो तर काका झोपाळ्यावरून उठून आले, तारेला दोन हिसके देऊन बघितले.

"कुठं नेतोस? हितंच ठेव. पाव्हण्यांचे टॉवेल वाळत घालायला दोरी पायजेच हाय."

मी ती दोन पोफळींमध्ये बांधली. एका पाहुण्याने लगेच तिच्यावर ओली हाफ पँट टाकली. काका लांब जाऊन बघत राहिले.

"पक्की बसलीय," ते म्हणाले. "कुठली गाठ रं ही?"

मी सांगेपर्यंत आतून बायकोची हाक आली. "अहो, दोरी झाली असली तर शिडी घेऊन या. शेजारच्यांकडं लाल दिवा लागलाय."