डब्याचं नाक

हिमायतनगरचे मुकुंदराव एकतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात उपकरणं तपासत आले होते आणि त्यांच्या सहीवर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता, तो लपवण्यात अर्थ नाही. माणूस साधा, पण सही करताना घर दान देत असल्यासारखा थाट.

शहाण्णव साली मात्र दिवस फिरले. बाजार खुला झाला, परदेशी उपकरणं आली, आणि कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची यादी हिंडू लागली. स्वेच्छा नावालाच. एक चूक झाली की नाव यादीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुकुंदरावांचा तपासणीतला जोडीदार याच यादीतून घरी गेला.

त्या सकाळी चाचणीचं जेट उडालं तेव्हा मुकुंदराव कँटीनमध्ये पुण्याहून नव्यानं आलेल्या प्रणिता नावाच्या इंजिनिअरला डॅम्पर समजावत होते. शेपटीवर एलेव्हेटर नावाची हलती पट्टी असते. तिचा मागचा काठ खाली गेला की शेपूट वर उचलली जाते आणि नाक खाली येतं. काठ वर गेला की नाक वर. पण उंचावर हवा विरळ असते. तिथं नाकाला धक्का बसला की ते लवकर स्थिरावत नाही, दीड-दोन सेकंदांच्या ठेक्यात वर-खाली डोलत राहतं. वैमानिक आवरायला जातो, पण त्याचा हात डोलण्याच्या मागे पडतो आणि ते उलट वाढतं. म्हणून डॅम्पर बसवायचा. जायरोचा डबा नाक किती वेगानं वळतंय ते ओळखतो आणि त्याला विरोध होईल अशी पट्टी जराशी हलवतो. डोलणं विरून जातं.

“विमान काही हातानं उचलता येत नाही,” मुकुंदराव म्हणाले. “म्हणून डबा जागेवरून सोडवायचा, हातात धरायचा आणि नाक वर करायचं. पट्टीचा काठ खाली गेला की सही.” त्यांनी जेवणाचा डबा हातात घेतला आणि पलीकडची बाजू उचलून दाखवली.

प्रणितानं विचारलं, “काका, पण पट्टी बघायला तुम्ही शेपटीकडे तोंड करून उभे राहता ना? मग डब्याचं नाक कुठल्या बाजूला असतं?”

मुकुंदरावांचा हात तसाच राहिला. पूर्वी ते विमानाच्या नाकाकडे तोंड करून डबा धरायचे आणि जोडीदार शेपटीजवळून ओरडून सांगायचा. काल ते एकटेच होते. पट्टी बघायला वळले, पण डब्याची केबल आखूड. डबा वळला नाही, त्यावरचा नाकाची बाजू दाखवणारा बाण त्यांच्या पोटाकडेच राहिला. आणि सवयीनं त्यांनी पलीकडची बाजू उचलली. म्हणजे शेपटीची. नाक खाली जात होतं, तेव्हा काठ वर जायला हवा होता. तो खाली गेला होता, आणि त्यांनी बरोबर म्हणून सही ठोकली होती. परदेशी डब्याला जोडलेली केबल कारखान्यातच बनवलेली होती. तिच्यात तारा उलट्या असाव्यात. असा डॅम्पर डोलणं थांबवणार नव्हता, प्रत्येक हेलकाव्याला आणखी धक्का देणार होता.

सारंग, चाचणीचा वैमानिक, तीस हजार फुटांवर डॅम्परचं बटण दाबणार होता. उडून दहा मिनिटं झाली होती.

मुकुंदराव धावले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पायात चपला, छाती भात्यासारखी. वाटेत यादीचा विचार मनात आला, नाही असं नाही. त्याची त्यांना लाजही वाटली. रेडिओच्या खोलीत चाचणीचे प्रमुख श्रीकांत माईकजवळ बसले होते. सारंग कळवत होता की तीस हजार गाठले, आता डॅम्पर चालू करतो.

“करू नका म्हणावं, साहेब,” मुकुंदराव म्हणाले. “माझी सही चुकीची आहे.”

श्रीकांतनी खात्री आहे का, असं विचारलं. मुकुंदराव म्हणाले, खात्री नाही, पण डॅम्पर उलटा नाही असंही आता सांगू शकत नाही. श्रीकांतनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि माईकवर सारंगला थांबायला सांगितलं. बटण दाबलं गेलं नव्हतं. विमान परत निघालं.

दुपारी हँगरमध्ये सगळे जमले. मुकुंदरावांनी बाण बोटानं दाखवला आणि बाणाची बाजू वर उचलली. शेपटीजवळ प्रणिता उभी होती. पट्टीचा काठ वर गेला. नाक वर, आणि पट्टीही त्याला आणखी वर ढकलणारी. मुकुंदरावांनी तपासणीचा कागद मागवला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची सही स्वतः खोडली.

यादीत नाव येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आठवड्यानं केबल बदलून तपासणीची वेळ आली, तेव्हा कागदावर तपासणाऱ्याच्या जागी दुसऱ्याचं नाव होतं. सारंगनं ते नाव खोडायला लावलं. डबा मुकुंदरावांच्या हातात देऊन तो स्वतः शेपटीजवळ जाऊन उभा राहिला.

“मी इथून ओरडतो,” तो म्हणाला. “तुम्ही वळू नका.”