सात दिवे आणि तिसरं पाकीट

माझी चंदीगडमधली नोकरी लोकांना अर्धवट मदत करण्याची होती. पूर्ण मदत केली तर काम बिघडलं असं समजायचं. सरकारी कचेरीत असं पद निघालं याचं मला तेव्हाही नवल वाटलं.

नवऱ्याची हवाईदलातली बदली म्हणून आम्ही तिकडे गेलो. दर तीन वर्षांनी माझी नोकरी सुटायची आणि त्याची बढती व्हायची. या खेपेला सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांचं तात्पुरतं काम मिळालं. तिथल्या इंजिनियरांनी शाळांमधल्या छोट्या, टीव्हीला जोडायच्या संगणकांसाठी एक कोड्याचा खेळ केला होता. मुलं त्यात अडकत. मास्तर त्यांच्याही आधी अडकत आणि संगणकाला कुलूप लावून टाकत. म्हणून हिंट लिहायला एक माणूस हवा होता. काम समितीला पसंत पडलं तर मुदत वाढणार, नाही तर पुन्हा घरात बसून भिशी. मला ती मुदतवाढ हवी होती. इतकी हवी होती की सांगायची लाज वाटावी.

खेळ असा: पडद्यावर ओळीत सात दिवे, सगळे पेटलेले. प्रत्येकाखाली एक बटण. बटण दाबलं की तो दिवा आणि त्याचे शेजारी बदलतात. पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. सगळे विझवायचे. शहाणा माणूस दोन नंबरचं बटण दाबतो, तीन दिवे जातात. मग पाच, आणखी तीन जातात. उरतो एकटा सातवा. तो विझवायला सात दाबावं तर सहावा डोळे उघडतो. पुन्हा सात दाबलं की पुन्हा सातवा. यात माणूस तासभर रमतो, आणि आपण प्रगती करतोय असंही त्याला वाटतं.

आमचे विभागप्रमुख म्हणाले, “मैडम, हिंट-विंट छड्डो. सीधा जवाब दस्स देयो. बच्चा खुश, मास्टर खुश.”

मी छड्डलं नाही, म्हणजे सोडलं नाही. मिनिटभर बटण दाबलं नाही की माणूस अडकला असं धरून मशीन ‘टुंग’ करील आणि हिंट दाखवील, अशी व्यवस्था केली. पहिला प्रयोग प्रमुखांवरच. त्यांनी हनुवटीला हात लावला, डोळे मिटले, आणि मशीननं टुंग केलं.

“ओ मैं सोच रहा हूं! इसको चुप कराओ!”

थेट उत्तर मागणारा माणूस हिंटनं इतका दुखावला जाईल हे मला सुचलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी पुढे खेळायलाच नकार दिला.

माझी चूक मला प्रयोगशाळेत नाही, मराठी मंडळाच्या तालमीत कळली. गणपतीतलं नाटक होतं. एरवी तालमी रात्री असायच्या, पण त्या वर्षांत पंजाबात अतिरेक्यांची धास्ती होती आणि अंधार पडल्यावर नाक्यांवर पोलीस बॅटरी तोंडावर मारून कुठून आलात विचारत, म्हणून रविवारी दुपारी व्हायच्या. मंडळाचे प्रॉम्प्टर म्हणजे ऑडिटमधले नागपूरचे एक काका. त्यांचा घसा बसला, म्हणून वही माझ्या हातात आली. नायिका ऐन रडण्याच्या जागी थांबली आणि मी विंगेतून तत्परतेनं पुढचं वाक्य फेकलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आलेलं पाणी डोळ्यांतच आटलं असावं.

काका बसल्या घशानं म्हणाले, “काय बाप्पा! ती विसरली नव्हती ना, थांबली होती.”

“पण काका, ओळखायचं कसं?”

“थांबलेला माणूस गप्प असते. विसरलेला तेच तेच बोलते. मागचंच वाक्य दोनदा आलं का समजायचं, गाडी फसली. तेव्हा आधी एक शब्द द्यायचा. नाही जमलं तर दोन. अख्खं वाक्य शेवटी. आणि आवाज त्याच्यापुरता. टाळी त्याची हाय, आपली नाही.”

सोमवारी मी घड्याळ काढून टाकलं. आता मशीन वेळ मोजत नव्हतं. दिव्यांची तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की माणूस अडकला असं धरायचं. तेव्हाही टुंग नाही. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: कडेच्या दिव्याकडे पुन्हा पाहा. तरीही फिरत राहिला तर: तो विझवणारी बटणं दोन आहेत, आपण एकच वापरलंत. तिसरी ओळ शेवटचा उपाय: पुन्हा सुरू करून १ दाबा. कोणती हिंट कधी दिली याची नोंद प्रिंटरवर निघायची.

समितीचे अध्यक्ष आले ते स्टेनगनवाल्या अंगरक्षकासह. तेव्हा मोठ्या साहेबांबरोबर असा एक माणूस असायचाच. साहेब खुर्चीत बसले आणि प्रमुखांसह बारा माणसं त्यांच्या मागे दाटली. प्रत्येकाच्या ओठावर ‘एक दाबा, सर’ तयार होतं. माझ्या तीन ओळींचा निकाल लागला, असं मी समजले. तेवढ्यात अंगरक्षक गर्दीला वैतागला.

“चलो जी, सारे बाहर चलो. सिक्योरिटी है.”

बारा हिंट एका दमात दाराबाहेर गेल्या. त्या माणसाच्या मी पाया पडायची बाकी राहिले. खोलीत साहेब, बंदूक, मशीन आणि प्रिंटरपाशी मी.

साहेबांनी दोन दाबलं, पाच दाबलं. मग सात, सात, सात, सात. पहिली ओळ उमटली. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा सात. दुसरी ओळ उमटली. बराच वेळ ते गप्प होते आणि मशीनही गप्प होतं. मग त्यांनी खेळ नव्यानं सुरू केला: एक. चार. सात. पडदा काळा!

“हो गया!” साहेब शाळेतल्या पोरासारखे ओरडले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

आठवड्यानं साहेबांचा शेरा आला: खेळ उत्तम आहे. मी स्वतः कोणत्याही मदतीशिवाय सोडवला. सबब हिंटची आवश्यकता नाही. त्यासाठीचं पद महिनाअखेर बंद करावं.

मी तो शेरा घेऊन थेट प्रमुखांकडे गेले. प्रिंटरचा कागद माझ्याकडे होता, दोन हिंट, वेळेसकट. प्रमुख म्हणाले, “पाड़ दे इसनूं. साब को झूठा बनाना है?”

फाडला नाही. पाठवलाही नाही. पडद्यावर ज्याला मी हळूच सांगितलं त्याच्या तोंडावर कागद मारणं जमेना, आणि गप्प बसणंही जमेना. शेवटी तीन पाकिटं तयार केली. पहिल्यात: खेळताना एकच मांडणी पुन्हा पुन्हा आली होती, ते आपणांस स्मरत असेल. दुसऱ्यात: त्यानंतर पडद्याच्या तळाशी काही उमटलं होतं, त्याकडे कृपया पाहावं. तिसऱ्यात तो कागद. प्रमुखांनी पहिल्या दोन्ही पत्रांवर न वाचता सह्या केल्या, कारण त्यांवर मी ‘स्मरणपत्र’ लिहिलं होतं आणि स्मरणपत्र वाचायची पद्धत कोणत्याच कचेरीत नसते.

पहिल्याला उत्तर नाही. दुसरं गेलं. महिना संपायला तीन दिवस उरले. तिसऱ्यावर तिकीट लावून मी टपालपेटीकडे निघणार, तोच प्रमुखांच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब माझ्याशीच बोलणार होते.

“मैडम, मेरे मन में एक बात आई है. बच्चे मेरे जैसे थोड़े ही हैं. अटकेंगे. उनके लिए नीचे एक-आध लाइन आ जाए तो? जवाब नहीं, बस इशारा. छह महीने और लगा दीजिए इस पर.”

हातात पाकीट होतं. पत्ता माझ्याच अक्षरात.

“सर, ये तो हमें सूझा ही नहीं था,” मी म्हणाले, आणि पाकिटावरचं तिकीट अलगद सोडवून घेतलं.