ठेवलेली चूक

आमच्या वर्गात चूक करणं हा गुन्हा होता आणि चूक न सापडणं हा त्याहून मोठा गुन्हा. इंग्रजीच्या मास्तरांनी तशी रीतच घालून दिली होती. ते फळ्यावर छोटी छोटी मराठी वाक्यं लिहीत, आम्ही ती इंग्रजीत करायची, मग वह्यांची अदलाबदल. ज्याच्या हाती वही येईल त्यानं चूक शोधायची, सगळ्यांदेखत सुधारून सांगायची आणि उठून चूक करणाऱ्याच्या थोबाडीत द्यायची. हलकी मारली तर मास्तर ‘अशी मारतात’ म्हणून मारणाऱ्याच्याच गालावर दाखवून देत. आणि वहीत चूकच मिळाली नाही तर तपासणारा आंधळा ठरे. आंधळ्याला छडी.

हे बेळगावातलं, दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचं. मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा जवळच्या काकती गावाहून चालत शाळेला जायचो. अण्णाला मिसरूड फुटलेलं, तरी आम्ही एकाच वर्गात. मधे आमचे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं शाळा सोडून औत धरलं होतं. परत आला तोवर मी त्याला गाठलं होतं. बाकावर त्याचे गुडघे मावत नसत, पोरं हसत, तरी तो बसून राही. त्याला शिकायचं होतं. इतकं मनापासून शिकायचं असलेला दुसरा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

इंग्रजीनं मात्र त्याचा जीव काढला होता. आमची मुख्य ठेच ‘अजून’ला लागायची. मराठीत एका अजूनवर भागतं, इंग्रजीत भागत नाही. दुसरी ठेच ‘काल’ची. आपण खुशाल म्हणतो, मामा काल आलाय. तेच इंग्रजीत ‘अंकल हॅज कम यस्टर्डे’ केलं की गाल लाल. अण्णाचा गाल कायम लाल असायचा. त्याची वही माझ्या वाट्याला आली की माझा हात उठत नसे. तोच खालच्या आवाजात म्हणायचा, “जोरात मार रं, न्हाईतर तुला बसंल.”

मग मीच वाटेनं त्याला शिकवायला लागलो. पुस्तकातली उदाहरणं त्याच्या डोक्यात शिरत नव्हती, म्हणून घरची गाभण म्हैस घेतली. म्हैस काल व्याली. ‘काल’ म्हणून वेळ सांगितलीस ना, मग हॅज नको, नुसता साधा भूतकाळ. म्हैस कधीच व्याली, म्हणजे आता रेडकू समोर आहे, तिथं हॅज आणि त्याला लागून ऑलरेडी. व्याली का अजून, नाही व्याली अजून, ज्याची वाट बघतोय ते झालेलं नाही, तिथं येट, आणि ते वाक्याच्या शेवटाला. आणि अजून उभीच आहे, म्हणजे जे चाललंय ते थांबलेलं नाही, तिथं स्टिल.

“आसं व्हय!” अण्णा रस्त्यातच थांबला. “मग मास्तर म्हशीवरनं का सांगत न्हाई?”

आता आम्हा पोरांची चलाखी सांगतो. छडी चुकवायला सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की प्रत्येकानं वहीत एक सोपी चूक मुद्दाम ठेवायची. तपासणाऱ्याला ती चटकन सापडे, लिहिणाऱ्याला एक चापट बसे, दोघंही सुटत. बहुतेक जण कालच्या वाक्यात हॅज घुसडत. मास्तरांना कधी कळलं नाही. कदाचित कळलंही असेल. मारायला मिळतंय तोवर त्यांना कशाचं काय!

सहामाहीला हेडमास्तरांनी अण्णाला बजावलं की या खेपेला इंग्रजीत नापास झालास तर नाव कमी करणार. आप्पांनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, नाव कमी झालं की औत. त्यात एके दिवशी मास्तरांनी त्या तासाच्या तपासणीचे मार्क सहामाहीत धरायचं जाहीर केलं. आणि अण्णाची वही उचलून बरोबर माझ्यापुढं टाकली.

मी वाचत गेलो. पोस्टमन अजून आला नाही, द पोस्टमन हॅज नॉट कम येट. अजून पाऊस पडतोय, इट इज स्टिल रेनिंग. मी कधीच जेवलो, आय हॅव ऑलरेडी ईटन. मामा काल आला, अंकल केम यस्टर्डे. सगळं बरोबर. ठेवलेली चूकसुद्धा नव्हती. मी मान वर केली. अण्णा माझ्याकडं बघत होता. या वेळी त्याला चापटीवर सुटायचं नव्हतं, पास व्हायचं होतं. मला इतका आनंद झाला की मी उभा राहून ओरडलोच, “सगळं बरोबर आहे, सर!”

पहिली छडी माझ्या पाठीत बसली. “भावाला झाकतोस?” मग मास्तरांनी लाल पेन्सिल घेऊन स्वतः वही चाळली. पुन्हा चाळली. काही सापडेना तसे ते काळेठिक्कर पडले. “कुणाचं उतरवलंस?”

“कुनाचं न्हाई, सर. तोंडी इचारा.”

त्यांनी अण्णाला हात पुढं करायला लावला. “मी पत्र कधीच लिहिलं.”

“आय हॅव ऑलरेडी रिटन द लेटर.”

छडी.

“मी ते काल लिहिलं.”

“आय रोट इट यस्टर्डे.”

छडी. उत्तर चुकलं म्हणून नव्हे, बरोबर आलं म्हणून.

“तो अजून लिहितोय.”

“ही इज स्टिल रायटिंग.”

या खेपेला छडी बोटांच्या पेरांवर आडवी बसली आणि रक्त आलं. मी धावून मास्तरांचा दंड धरला. त्यांनी कोपरानं माझा ओठ फोडला आणि मला बाकावर आदळलं.

“त्यानं अजून लिहिलं नाही!”

“ही हॅज नॉट रिटन इट येट.”

छडी मधोमध चिरली. अण्णानं हात मागं घेतला नाही. शांतपणे, एकेक शब्द नीट उच्चारत त्यानं विचारलं, “हॅव यू फिनिश्ड येट, सर?”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं घात केला. मास्तरांनी चिरलेल्या छडीचं बुडखं धरून त्याच्या कानावर, खांद्यावर, डोकं झाकणाऱ्या हातांवर मारलं, तो खाली बसेपर्यंत आणि बसल्यावरही. हेडमास्तर आले, त्यांनी उर्मटपणाबद्दल नाव कमी केलं. उत्तरं बरोबर होती की चूक, हे कुणी विचारलं नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

घरी आप्पांनी ऐकून घेतलं आणि दावं घेऊन त्याला पुन्हा मारलं, मास्तरला उलट बोलला म्हणून. मग म्हणाले, “उद्यापासनं रानात.” अण्णा उठला आणि गोठ्यात गेला. म्हैस सकाळपासून अडली होती.

दिवस मावळताना आप्पांनी दारातून हाक दिली, “व्याली का रं?”

गोठ्यातून आवाज आला, “नॉट येट.”

दावं अजून आप्पांच्या हातातच होतं. ते उंबऱ्यावर थबकले, आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “म्हंजे?”

अण्णा सुजल्या हातानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता. “अजून न्हाय, आप्पा.”

आप्पांनी दावं खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेला मी एकटाच लागलो.