दडा

डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरलं की आधी काउंटर लागायचा आणि काउंटरमागे ताई. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. बाकी म्हाताऱ्या आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. बावीस-तेवीस वर्षं त्या खुर्चीत काढलेली. कुणाला आधी आत सोडायचं, कुणाला बाकावर बसवायचं आणि कुणाला दाराशीच थांबवून "इथे वेळ घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा" म्हणायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

कानाचे पेशंट खूप यायचे. डॉक्टरांनी ताईंना सुरुवातीलाच बसवून समजावलं होतं. सर्दीबरोबर कान दुखतोय, पोहून आल्यावर खाज सुटलीय, मळ साचलाय, असले लोक उद्या आले तरी चालतील. लहान मूल फार रडत असेल तर आज घ्या. पण कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, कान दुखता दुखता तोंड वाकडं झालं, डोक्याला मार लागून कानातून रक्त किंवा पाणी आलं, पोरानं कानात घड्याळाचा सेल घातला, तर माझी वाट बघायची नाही. कानाच्या डॉक्टरकडे, लगेच. "आणि एक," डॉक्टर म्हणाले होते, "हे सगळ्यात फसवं. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं आणि दुखत मात्र काहीच नाही. माणूस शांतपणे बाकावर बसून राहतो. त्याला बसवून ठेवू नका. नस सुजलेली असली तर पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची आशा असते."

ताईंनी ते पाठ केलं होतं. दर वेळी विचारायच्या, "हळूहळू झालं की एकदम? सर्दी आहे का? चक्कर येते?"

त्यांचे यजमान मोटार मेकॅनिक. गॅरेज एका जुन्या मित्राच्या भागीत. लहानपणी गालगुंड झालं तेव्हा त्यांचा उजवा कान कायमचा गेला होता. त्याचं त्यांनी कधी दुःख केलं नाही. "देवानं एक कान बायकोसाठी दिला होता आणि एक गाडीसाठी," ते पाहुण्यांना सांगत. "बायकोचा आधीच बंद पडला, म्हणून संसार सुखाचा चाललाय." ताई रस्त्यानं नेहमी त्यांच्या डाव्या बाजूनं चालायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची सवय.

गिऱ्हाइकानं गाडी फाटकातून आत आणेपर्यंत हे उठून सांगायचे, "बेअरिंग गेलंय." बॉनेट उघडायच्या आधी. भागीदार म्हणायचा, "हा माणूस गाडीची नाडी बघतो." सगळं त्या एका डाव्या कानावर.

एके दिवशी सकाळी ताई निघायच्या गडबडीत होत्या. डॉक्टर भावाच्या आजारपणासाठी परगावी गेले होते आणि बदलीचा डॉक्टर फक्त संध्याकाळी यायचा, त्यामुळे सकाळी सगळा मारा काउंटरवरच. यजमान पलंगावर बसून डाव्या कानात बोट घालून हलवत होते.

"कानात दडा बसलाय गं."

"सर्दी गेली नाही ना अजून तुमची," ताई पिशवीत डबा टाकत म्हणाल्या. "वाफ घ्या."

"पाण्याखाली बसल्यासारखं वाटतंय."

"मळ असेल. येताना थेंब आणते. डॉक्टर आले की बघतील." आणि चपला घालता घालता वळून, "दुखतंय का?"

"नाही, दुखत काही नाही."

"मग झालं."

दडा सगळ्यांना बसतो. घाटातून गाडी उतरली की बसतो, नाक शिंकरलं की बसतो, दोन जांभया दिल्या की सुटतो. त्या माणसानं "ऐकू येत नाही" असं म्हटलं असतं तर काउंटरवरची बाई जागी झाली असती. त्यांनी "दडा" म्हटलं आणि घरातली बाई बसच्या वेळेकडे बघत होती.

त्याच दुपारी एक आई ताप आलेल्या मुलीला घेऊन आली. ताईंनी मुलीचे केस बाजूला केले, कानामागचा लाल, ताठ फुगवटा पाहिला आणि खुर्चीतून उठल्याच. स्वतः बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. "कुठे थांबू नका, घरी कपडे घ्यायलासुद्धा जाऊ नका. कानाचा विभाग विचारा." मुलीला त्याच संध्याकाळी भरती करून घेतलं. चार दिवसांनी तिचा बाप येऊन हात जोडून गेला. त्या रात्री जेवताना ताई ते सांगत होत्या. यजमान त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत मान डोलवत होते. ताईंना वाटलं, आज बरं लक्ष देऊन ऐकताहेत.

"कान कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, हो," ते म्हणाले.

थेंब रोज पडत होते. ताई स्वतः टाकायच्या, मान तिरकी करून, कापूस लावून. टीव्हीचा आवाज वाढला होता. मुलीचा परगावाहून फोन आला की ते "तूच बोल" म्हणून फोन पुढे करायचे. ताई थकलेल्या असायच्या. मळ सुटायला वेळ लागतो, हे त्या शंभर लोकांना सांगून चुकल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एकदा म्हटलं, "संध्याकाळच्या डॉक्टरना दाखवून घ्यायचं का?" यजमान त्यांच्याकडे बघत नव्हते. उत्तर आलं नाही. नको असेल, असं धरून त्यांनी विषय सोडला.

गॅरेजमध्ये तर सगळे ओरडूनच बोलतात. तिथे कुणाला काय कळणार? भागीदाराला एवढंच दिसलं की गडी गाडीजवळ उभा राहतो, बॉनेटवर तळवा टेकवतो आणि मग दुसऱ्याला म्हणतो, "तू बघ रे जरा."

तिसरा आठवडा संपत आला तेव्हा डॉक्टर परतले. त्याच दिवशी भागीदार यजमानांना दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आला. हाताला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त ठिबकत होतं.

"ताई, यानं चालू इंजिनात हात घातला. पंखा फिरत होता. मी बोंबलतोय, थांब, थांब, याचं लक्षच नाही!"

रक्त दिसल्यावर रांग नसते. ताईंनी सगळ्यांना बाजूला करून त्यांना आत नेलं. दोन बोटं चिरली होती, हाड शाबूत होतं. डॉक्टर पाठमोरे होऊन टाक्यांचं सामान काढत बोलत होते, "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?" उत्तर नाही. "अहो, तुम्हाला विचारतोय." उत्तर नाही. डॉक्टर वळले. आधी पेशंटकडे बघितलं, मग ताईंकडे.

"यांना ऐकू येत नाहीये का?"

"दडा बसलाय थोडा," ताई म्हणाल्या. "मळाचा. थेंब चालू आहेत..."

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी डाव्या कानात बॅटरी मारून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. कान स्वच्छ होता. पडदा ठीक होता. मळाचा कणही नव्हता. त्यांनी खणातून नादकाटा काढला, कानाच्या तपासणीचा तो लोखंडी, चिमट्यासारखा दोन पायांचा. टेबलावर ठोकला आणि कपाळाच्या मध्यावर टेकवला. दुसऱ्या हातानं कागदावर लिहिलं: आवाज कुठल्या कानात येतो?

यजमानांनी वाचलं. "कुठेच नाही," ते जरुरीपेक्षा मोठ्यानं म्हणाले. "नुसता हादरा लागतोय."

"कधीपासून?" डॉक्टरांनी ताईंना विचारलं.

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी बोटांवर दिवस मोजले. फोन उचलला आणि कानाच्या डॉक्टरांना म्हणाले, "एकच कान होता, तोही गेलाय. तीन आठवडे होत आलेत. आत्ता पाठवतोय." रागावले असते तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

पुढचं सगळं झालं ते व्हायला हवं तसंच झालं. बंद खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी झाली. कागदावरची रेघ पार तळाशी गेली होती. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मग पडद्यातून कानात इंजेक्शनं. डोक्याचं स्कॅन झालं, त्यात गाठबिठ काही नव्हती. दर तपासणीला ताई काचेबाहेर उभ्या राहून बघायच्या, आवाज आला की दाबायचं बटण आत यजमानांनी दाबलं का. कधी कधी ते दाबायचे. तपासणी घेणारी बाई मान हलवायची: आवाज दिलेलाच नव्हता.

शेवटच्या इंजेक्शननंतर ताईंनी कानाच्या डॉक्टरांना बाजूला घेतलं. "खरं सांगा. पहिल्या दिवशी आणलं असतं तर?"

ते तरुण होते, पण उडवाउडवी करणारे नव्हते. "लवकर येऊनही काहींचं परत येत नाही. काहींचं येतं. यांचं आलं असतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

ताईंना वाटलं होतं, ते हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. दोन्हींपैकी एकाबरोबर जगता आलं असतं.

कानाचं यंत्र लावून पाहिलं. त्यातून नुसती खरखर यायची, शब्द फुटायचा नाही. कानामागचं हाड कोरून आत तार बसवून ऐकू आणायचं ऑपरेशन असतं, काही महिन्यांनी विचार करू, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. यजमानांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "आता माझ्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही." मुलगी येऊन हातापाया पडली. ते नुसते तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "हळू बोल गं." ती रडत होती, बोलत नव्हती.

गॅरेज सुटलं. भागीदार सुरुवातीला रोज संध्याकाळी यायचा, गाड्यांच्या गोष्टी लिहून दाखवायचा. लिहून लिहून गप्पा किती मारणार? मग आठवड्यानं येऊ लागला, मग सणासुदीला.

ताईंनी काउंटर सोडला नाही. सोडून जायचं कुठे? घरात तर भिंतींशी बोलल्यासारखं. डॉक्टर एकदा म्हणाले, "तुम्ही इतक्या लोकांना वेळेवर पाठवलंत." ताईंनी पुढच्या पेशंटला आत सोडलं. हल्ली कुणी "कानात दडा" म्हटलं की त्या मान वर न करता त्याच दिवशीचा नंबर पुढे सरकवतात. बहुतेकांचा मळच निघतो. दोन पिचकाऱ्यांत कान मोकळा होतो, माणूस हसत बाहेर येतो आणि म्हणतो, "ताई, उगाच घाबरवलंत."

संध्याकाळी त्या घरी पोचतात तेव्हा यजमान खिडकीशी बसलेले असतात. ऐकणं गेलं पण कान शांत झाला नाही. आत दिवसरात्र काहीतरी वाजत असतं. कधी शिट्टी, कधी दूर कुठेतरी चालू राहिलेल्या मोटारीसारखं.

"बेल वाजली का गं?" ते विचारतात.

वाजलेली नसते. ताई तरी उठतात, दार उघडून जिन्यात बघतात, आणि परत येऊन कुणी नाही म्हणून हात हलवतात.