इसार

धामणगाव बढ्यात महादेवराव मंडपवाल्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असायचं : "इसार घेतला, तारीख तुमची." बावीस वर्षांत त्यांनी एकही तारीख मोडली नव्हती. एकदा ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी वाऱ्यानं कापड फाटलं, तर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं सकाळपर्यंत बसून शिवलं होतं. जगातले सगळे व्यवहार असेच चालतात, असं त्यांना वाटे. आधी थोडे पैसे ठेवायचे, मग समोरचा आपली जागा राखून ठेवतो.

त्यांच्या मुलीला, अर्पिताला, फिजिओथेरपीला जागा मिळाली ती संभाजीनगरकडच्या एका खासगी विद्यापीठात. तिथं सरकारी फीमाफी लागू नव्हती. वर्षाची फी एक लाख साठ हजार, अशी चार वर्षं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गावातल्या बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज दिला. गहाण काही ठेवावं लागणार नव्हतं, पण मंडपाच्या धंद्याला पगाराची पावती कुठली? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागला, मग वर्षभराचा खातेउतारा, मग आणखी एक सही. फाईल बुलढाण्याच्या कचेरीत गेली आणि तिथंच बसली.

"मॅडम, झालं का?" महादेवराव दर दोन दिवसांनी विचारत.

"वरून आलं की मीच फोन करीन, काका." कर्जाचं काम पाहणाऱ्या मयुरी मॅडम नागपूरच्या होत्या, बोलायला मऊ. त्यांचा फोन मात्र येत नव्हता.

फीची शेवटची तारीख होती तीस सप्टेंबर. अठराला महादेवरावांचा धीर सुटला. गावातल्या गणेशरावांनी पोरीच्या लग्नासाठी चाळीस हजारांचा इसार दिला होता. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख, नवी कमान आणि झुंबरं हवी होती, ती खामगावहून आणायची होती. ते पैसे त्यांनी खिशात घातले आणि पहाटेची एसटी धरली.

"बाबा, बँकवाले देतीनच ना सारे पैसे," अर्पिता म्हणाली होती.

"देतीन तवा देतीन. आपली जागा तं अडकून ठिवू दे. इसार देल्यावर कोणी हाकलत नाही."

कॉलेजच्या खिडकीवर त्यांनी चाळीस हजार रोख मोजले. बाबूनं पावती फाडली आणि एक छापील कागद पुढं सरकवला. उरलेली रक्कम तीसपर्यंत स्वतः भरीन, असं त्यावर होतं. त्यांनी सही केली. परतीच्या गाडीत ती पावती त्यांनी दोनदा उघडून पाहिली.

एकोणतीस तारखेला मयुरी मॅडमचा फोन आला. मंजुरी आली होती. बाप-लेक धावतच बँकेत गेले. अर्पितानं कर्जदार म्हणून सह्या केल्या, महादेवरावांनी सहकर्जदार म्हणून. मॅडमनी मंजुरीपत्राचं तिसरं पान उघडून समजावलं.

"हे बघ, पैसे तुमच्या हातात येणार नाहीत. दरवर्षी कॉलेज फीचं मागणीपत्र देईल, आम्ही थेट त्यांच्या खात्यात पाठवू. पाच टक्के तुमचे, पंचाण्णव आमचे. यंदा तुमचे आठ हजार, बँकेचे एक लाख बावन्न हजार. पुढच्या वर्षी पास झाल्याची गुणपत्रिका आणायची, तेव्हा दुसरा हप्ता."

"अन् हे चाळीस देल्लेत आमी," महादेवरावांनी पावती अभिमानानं टेबलावर ठेवली.

मॅडम ती वाचत राहिल्या. "काका, हे काऊन भरले?" त्यांच्या तोंडून एकदम गावाकडची भाषा आली.

"इसार म्हून."

"आता फी राहिली एक लाख वीस हजार. बँक बाकीपेक्षा जास्त पाठवू शकत नाही. आणि माझ्याकडं मागणीपत्र आहे पूर्ण फीचं. नवीन पत्र लागेल, उरलेल्या रकमेचं."

"मंग आमचे बत्तीस?"

"खात्यातून गेले असते तर ते तुम्हाला परत मिळावेत असा अर्ज वर पाठवून पाहिला असता. रोखीचं आमच्याकडं धरत नाहीत."

महादेवरावांनी पावती घडी करून खिशात ठेवली. बत्तीस हजारांचा विचार त्यांनी मागं ढकलला. आधी जागा.

तीस तारखेला सकाळी दहापासून अर्पिता बँकेच्या बाकावर बसून कॉलेजला फोन लावत होती. बँकेत सहामाहीची गर्दी. बारा वाजता कोणीतरी उचलला. तिनं फोनचा आवाज मोठा केला.

"तुमचं नाव कर्जवाल्यांच्या यादीत नाहीये," पलीकडचा बाबू म्हणाला. "स्वतः भरणाऱ्यांच्या यादीत आहे. लिहून दिलंय ना? आज पाचपर्यंत भरा."

"सर, आमचं लोन मंजूर झालंय. फक्त नवीन मागणीपत्र..."

"कर्जवाल्यांना आम्ही मुदत देतो हो. अर्ज केल्याची बँकेची पोच दाखवली की पंधरा दिवस. पैसे भरायचीसुद्धा गरज नव्हती. पण तुम्ही भरलेत."

अर्पितानं बापाकडं पाहिलं नाही. ती भिंतीवरचा व्याजदराचा तक्ता पाहत राहिली. महादेवरावांना आठवलं, ती पोच ऑगस्टपासून त्यांच्या कपाटात होती, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली.

"आता काय करू मॅडम? सांगा नं. तुमी म्हनाल तिथं सही करतो."

"सहीचंच तर झालंय, काका." मॅडमनी हातातली कामं बाजूला सारली. बँकेच्या कागदावर पत्र लिहिलं : कर्ज मंजूर, हप्त्यांचं वेळापत्रक सोबत, बाकीचं मागणीपत्र मिळताच रक्कम थेट आपल्या खात्यात जमा होईल. अर्पितानं यादी बदलण्याचा अर्ज हातानं लिहिला. मंजुरीपत्रासह सगळं मेलनं गेलं. मग बाबू म्हणाला, कुलसचिव मीटिंगमध्ये आहेत.

दोन वाजले. तीन वाजले. शिपाई चहा देऊन गेला, तो तसाच निवला. ज्या माणसानं बावीस वर्षं लोकांच्या लग्नाच्या वेळा सांभाळल्या, तो घड्याळाखाली टोपी मांडीवर ठेवून बसला होता. उचलायला खांब नव्हता की ओढायला दोर नव्हता. पैसे मंजूर होते, देणारे तयार होते, घेणारे तयार होते. मधे एक कागद नव्हता, आणि तो मागायलाही त्यांच्या पोरीचीच भाषा लागत होती.

पाचला सात मिनिटं कमी असताना मेल आला. अर्पितानं वाचून दाखवला. नाव कर्जाच्या यादीत घेतलं होतं. मुदत सात ऑक्टोबर. सुधारित मागणीपत्र उद्या मिळेल.

"झालं नं?" त्यांनी तीनदा विचारलं.

"हाव बाबा, झालं."

दुसऱ्या दिवशी एक लाख वीस हजार गेले. पाठवल्याचा नंबर मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिला. महादेवरावांनी त्यातली एक नोटही पाहिली नाही.

संध्याकाळी खामगावच्या झुंबरवाल्याचा फोन आला : पैसे आणता की दुसऱ्याला देऊ? त्यांनी दोघा-तिघांकडं उसने मागून पाहिले, मग टोपी घालून गणेशरावांच्या घरी गेले. ओसरीवर पाहुण्यांची यादी चालली होती.

"या, या मंडपवाले! कमान मोठी पाह्यजे बरं का, जावई इंजिनेर हाये!"

"गणेशराव, थे... कमानीचं अन् झुंबराचं यंदा जमत नाही. साधा मंडप टाकून देतो. नाही तं तुमी दुसरा पाहा."

गणेशराव हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. "काऊन बे, घाबरवतं का? इसार तं तुयापाशीच हाये ना?"

महादेवराव टोपी काढून हातात फिरवत राहिले.