व्हिडिओ उडवला कोणी

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याच सासरच्या गावात दिलेली. दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. त्या वर्षी गेली तेव्हा पोटुशी होती. आठव्या महिन्यात पोटात कळा यायला लागल्या, तर टोळीचा मुकादम म्हणाला, गाडी भरून होऊ दे, मग जा दवाखान्यात. गाडी भरून झाली आणि बाळ गेलं. गावी परतल्यावर तिने हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. मुकादम आमच्याच गावचा, देवळासमोर दोन मजली घर असलेला.

व्हिडिओ आमच्याच चॅनलवर लागला होता. चॅनल म्हणजे माजलगावात एका गाळ्यात चालणारं बातम्यांचं दुकान. संपादक एकटे, कॅमेराही त्यांचाच, आणि मी घरी लॅपटॉपवर व्हिडिओ कापून देते. अक्काचं बोलणं मीच कापलं. कापलं म्हणजे काय, फक्त मधले हुंदके थोडे कमी केले. बातमी चढवली की मूळ चित्रण पुसून टाकायचं ही आमची रीत, कारण पुढच्या बातमीला जागा लागते. कुणाचा वाढदिवस, कुणाचं उद्घाटन, कुणाचा नागरी सत्कार. त्यामुळे अक्काचं बोलणं त्या एका लिंकवरच होतं.

पंधरवड्याने ते गायब झालं. गावच्या व्हॉट्सअॅप गटात लिंकसोबतचा तिचा फोटो तसाच दिसत होता, पण दाबलं की काळी पाटी आणि वर मोठ्या अक्षरात, व्हिडिओ उपलब्ध नाही. संपादकांनी लगेच गटात लिहिलं की खोटी माहिती असल्याच्या तक्रारी गेल्या म्हणून ज्या साइटवर चॅनल आहे त्या कंपनीनेच व्हिडिओ काढून टाकला, आमचा नाइलाज आहे. खाली हात जोडल्याचं चित्र.

मुकादमाला आणखी काय पाहिजे होतं? तो चहाच्या टपरीवर सांगत सुटला, "अमेरिकेतल्या कंपनीनं बी खोटं ठरवलं तिला. आता तरी पटलं का न्हाई?" लोकांना पटलं. अमेरिकेतल्या कंपनीला आमच्या गावच्या बाईची कळ कुठून कळणार, हे कोणी विचारलं नाही. रविवारी मुकादमाच्या ओट्यावर बैठक ठरली. अक्काने चार लोकांत माफी मागायची, नाहीतर येत्या हंगामात तिच्या घराला आसपासची एकही टोळी घेणार नाही. तिचा सासरा मान हलवून आला होता. अक्काला कोणी विचारलंच नव्हतं.

मी माहेराहून परतले ती ही बातमी ऐकत. माजलगावच्या बसस्टँडवरच लिंक उघडली. मोठ्या अक्षरांखाली बारीक, राखाडी ओळ असते, ती वाचायची मला धंद्यामुळे सवय आहे. तिथे लिहिलं होतं, हा व्हिडिओ अपलोडरने काढून टाकला आहे. म्हणजे ज्याने चढवला त्यानेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी न जाता तशीच पिशवी घेऊन गाळ्यावर गेले.

"सर, अक्काचा व्हिडिओ कंपनीनं काढला?"

"हो ना ताई. मुकादमाच्या पोरांनी लई रिपोर्ट मारले."

"मग खाली अपलोडरनं काढला असं कावून लिहून येतंय?"

"ते काहीबी येतं. मशीनच हाय शेवटी."

काहीबी येत नाही. गेल्या वर्षी आमचा अपघाताचा व्हिडिओ कंपनीने खरोखर उडवला होता, कारण संपादकांना रक्त झाकायची घाई नव्हती. तेव्हा चॅनलच्या ईमेलवर पत्र आलं होतं, चॅनलला ताकीद मिळाली होती, आणि आमच्या आतल्या यादीत तो व्हिडिओ नियमभंगाच्या शेऱ्यासह तसाच पडून होता. अपील करायची सोयही तिथेच होती. मी म्हटलं, सर, यादी उघडा. उघडली. अपघाताचा व्हिडिओ होता. अक्काचा नव्हता. आपल्या हाताने कायमचा पुसला की यादीतूनही जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

संपादकांनी पंखा वाढवला. मग म्हणाले, "ताई, मुकादमाचे कारखान्यातले साहेब आपल्याला वर्षभर जाहिराती देतात. मला चॅनल चालवायचं हाय."

"मग तसं लिहायचं. तिला खोटी कावून पाडलं?"

त्यांनी यादी बंद केली. हा माणूस दर पत्रकार दिनाला निर्भीडपणावर भाषण करतो. मी त्या भाषणांचेही व्हिडिओ कापलेत, आणि तेव्हा एवढा राग यायला हवा होता.

रविवारी ओट्यावर मी बोलावणं नसताना गेले. अक्का खांबाला टेकून उभी होती, पदर दातात धरून. मी म्हटलं, माफीच्या आधी सगळ्यांनी आपापला फोन काढा. आधी गटातली जुनी, अपघाताच्या व्हिडिओची लिंक उघडायला लावली. खालची ओळ एकाने मोठ्याने वाचली, मार्गदर्शक तत्त्वांचं उल्लंघन केल्यामुळे काढून टाकला आहे. मग अक्काची लिंक. अपलोडरने काढून टाकला आहे. कंपनीने उडवला की पहिल्यासारखं येतं, ज्याने चढवला त्याच्या खात्यातून उडवला की दुसऱ्यासारखं, एवढंच मी सांगितलं. कोणाच्या फोनवर मराठी होतं, कोणाच्या इंग्रजी, पण अर्थ सगळीकडे तोच निघाला. मुकादमाच्या फोनवरही.

मला वाटलं, आता तरी याचं तोंड बंद होईल. पण हा चिकट माणूस. म्हणाला, "बरं, कंपनीनं न्हाई, संपादकानं काढला. म्हंजे ज्यानं लावला त्यालाच खोटं वाटलं की."

आणि खरं सांगायचं तर त्या ओळीने त्याचं हे म्हणणं खोडलं जात नव्हतं. ती ओळ व्हिडिओ कोणाच्या खात्यातून गेला ते सांगते. का गेला, हे सांगत नाही, आणि आतलं बोलणं खरं होतं की खोटं, हेही नाही. लोक पुन्हा माना हलवायला लागले. मला त्या सगळ्या मानांचा संताप आला.

तेव्हा अक्काने पदर दातातून सोडला. म्हणाली, "त्यानं काढला, मी न्हाई काढला. तू कर गं चालू तुझा फोन." मी केला. तिने सगळं पुन्हा सांगितलं, तिथेच, ज्याच्याबद्दल सांगत होती त्याच्यासमोर. शेत कोणतं, गाडी कोणती, तो काय म्हणाला, बाळाला कुठे पुरलं. या वेळी हुंदका एकही नव्हता. सासरा ओट्यावरून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. माफीचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी तिच्या फोनवर, तिच्या नावाने खातं उघडलं. चढवायचं बटण तिनेच दाबलं. दुसऱ्या दिवशी मुकादम तिच्या दारात. आवाज खाली आलेला. "वैनी, झालं गेलं. काढून टाक तेवढा. हंगामाचं मी बघतो."

अक्का भांडी घासत होती. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या हातानं जायचा न्हाई तो," ती म्हणाली. "काढायचा तर कंपनीला काढू द्या. मंग खाली काय लिहून येतं ते समदं गाव वाचंल."